पॉपलीन, ट्विल, ऑक्सफर्ड, वायल : कापड विणीवरून ओळखावं

कापडाच्या दुकानात पॉपलीन मागितलं की दुकानदार तागा उलगडतो, मीटरपट्टीने माप घेतो, काठाला कात्रीने एक बारीक छेद देतो आणि दोन्ही हातांनी कापड टरकन फाडून देतो. रेघ मारल्यासारखं ते सरळ फाटतं. त्याच दुकानात पँटसाठी ट्विल घेतलं, तर तोच दुकानदार या काठापासून त्या काठापर्यंत कात्री चालवतो. दोन्ही कापडं सुतीच असतात. ट्विल जाड आहे म्हणून हाताने फाटत नाही, असं आपल्याला वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पॉपलीनमध्ये प्रत्येक धागा शेजारच्या धाग्यांनी घट्ट धरून ठेवलेला असतो. त्यामुळे फाडण्याचा जोर एका वेळी एकाच धाग्यावर येतो आणि धागे एकामागून एक तुटत जातात. ट्विलमध्ये धाग्यांना थोडं सरकायला जागा असते. जोर आला की तीन-चार धागे एकत्र गोळा होतात आणि मिळून तो पेलतात. फरक जाडीत जेवढा आहे, तेवढाच विणीतही आहे.

कापड निवडताना आपण बहुतेक वेळा जाडी चाचपतो आणि किंमत विचारतो. जाड ते टिकाऊ, पातळ ते गार, असा आपला आडाखा असतो. तो अनेकदा चुकतो. मुंबईच्या दमट दुपारी पातळ पॉपलीनचा शर्ट अंगाला चिकटतो, आणि त्याच्याहून जड ऑक्सफर्डमधून वारा जास्त खेळतो. पॉपलीन, ट्विल, ऑक्सफर्ड आणि वायल ही आपल्या कपाटात हमखास असणारी चार सुती कापडं. ती एकमेकांपासून वेगळी होतात ती तीन गोष्टींमुळे : धागे एकमेकांना कसे ओलांडतात, धागा किती जाड आहे आणि किती पिळलेला आहे, आणि एका इंचात किती धागे बसवले आहेत. या तीन गोष्टी पाहता आल्या, की कुठलं कापड कशाला चालेल हे दुकानातच ठरवता येतं.

ताणा, बाणा आणि सुताचा नंबर

मागावर लांबीच्या दिशेने ताणून धरलेले धागे म्हणजे ताणा. त्यांच्यामधून आडवा फिरतो तो बाणा. आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, असा आलटून पालटून गेला की साधी वीण होते. चारपैकी दोन कापडं, पॉपलीन आणि वायल, याच साध्या विणीची आहेत. तरीही एकातून पलीकडचं दिसत नाही आणि दुसरं हातावर ठेवलं तर हाताच्या रेषा दिसतात. कारण सूत वेगळं आणि धाग्यांची दाटी वेगळी.

सुताची जाडी नंबराने सांगतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जेवढ्या लडी बसतात, तेवढा त्याचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक होतं. आपल्या मापात सांगायचं तर २० नंबरचं एक ग्रॅम सूत साधारण ३४ मीटर भरतं, ४० नंबरचं ६८ मीटर, आणि १०० नंबरचं जवळजवळ १७० मीटर. पँटचं जाड कापड १६ ते २० नंबरच्या आसपास असतं, रोजच्या शर्टाचं ४० च्या आसपास, आणि वायल ८० ते १०० नंबरच्या घरात.

तिसरी गोष्ट दाटीची. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर कापडाची ओळख सांगताना सुताच्या नंबराबरोबर रीड आणि पिक सांगतात, म्हणजे एका इंचातले उभे धागे आणि आडवे धागे. हे आकडे कळले की कापडाचं वजन घरबसल्या काढता येतं. इंचातल्या उभ्या धाग्यांच्या संख्येला त्यांच्या नंबराने भागायचं, आडव्या धाग्यांचं तसंच करायचं, दोन्हींची बेरीज करून तिला २३.२५ ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. धागे विणीत वरखाली वळतात, त्यामुळे खरं वजन याहून थोडंसं जास्त भरतं. पण अंदाजाला हे गणित पुरेसं आहे.

पॉपलीन : दाट आणि गुळगुळीत

चांगल्या पॉपलीनचं एक नेहमीचं प्रमाण असं असतं : ताणा आणि बाणा दोन्ही ४० नंबरचे, इंचात उभे धागे १३३ आणि आडवे ७२. उभे धागे आडव्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत, आणि पॉपलीनचा सगळा स्वभाव यातून येतो. उभे धागे इतके दाटीने बसतात, की कापडाच्या दोन्ही अंगांना तेच दिसतात. आडवा धागा आत जवळपास सरळ राहतो आणि उभे धागे त्याच्यावरून उड्या घेतात. त्यामुळे कापडाच्या रुंदीत अतिशय बारीक आडव्या उंचवट्यांच्या रेघा तयार होतात. डोळ्यांना त्या सहज दिसत नाहीत. पण नख कापडाच्या लांबीच्या दिशेने ओढलं, तर हलकीशी खरखर जाणवते आणि रुंदीच्या दिशेने ओढलं, तर नख घसरत जातं.

या दाटीचे फायदे दिसायला सोपे आहेत. पृष्ठभाग सपाट असल्यामुळे छापील नक्षीच्या कडा स्पष्ट उमटतात. इस्त्री कडक बसते. कॉलर आणि मनगटाची पट्टी नीट उभी राहते. गणित केलं तर या कापडाचं वजन चौरस मीटरला ११९ ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे हलकं असूनही ते पारदर्शक नसतं. शाळेचा पांढरा शर्ट, लहान मुलींचे फ्रॉक, पायजमे, उशांचे अभ्रे आणि साडीखालचा परकर यांसाठी पॉपलीन वर्षानुवर्षं वापरलं जातं ते म्हणूनच. परकराच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे. नेसलेल्या साडीचा सगळा भार नाडीशी येतो. तिथे ताणलं न जाणारं, साडीला धरून ठेवणारं आणि तिच्यामागून आरपार न दिसणारं कापड लागतं. पॉपलीन ही तिन्ही कामं करतं.

तोटेही त्याच दाटीतून येतात. धाग्यांना सरकायला जागा नसल्यामुळे कापड दुमडलं, की घडीचा सगळा ताण तंतूंवर पडतो आणि चुरगळल्याची खूण राहते. बसून उठल्यावर कुर्त्याच्या मागे ज्या रेघा पडतात, त्या याच. शिवणीतही हाच प्रश्न येतो. दोरा शिरतो तेव्हा त्याला जागा करून द्यायला धागे हलत नाहीत, त्यामुळे शिवणीच्या कडेने बारीक चुण्या पडतात. जाड सुई वापरली, तर शिवण उसवल्यावर भोकं तशीच राहतात. म्हणून पॉपलीनला मशीनची ११ नंबरची सुई, बारीक दोरा आणि सैल ताण ठेवावा.

पॉपलीन विकत घेताना सर्वांत जास्त फसगत होते ती खळीमुळे. दोन तागे शेजारी ठेवलेत असं समजू. दोन्हींवर ४० नंबरचं पॉपलीन लिहिलंय आणि हाताला दोन्ही सारखीच भरदार लागतात. पहिल्यात इंचाला १३३ आणि ७२ धागे आहेत, त्याचं वजन ११९ ग्रॅम. दुसऱ्यात ९२ आणि ६४ धागे आहेत. १५६ भागिले ४० म्हणजे ३.९, गुणिले २३.२५, म्हणजे जेमतेम ९१ ग्रॅम. मधला २८ ग्रॅमचा फरक बऱ्याच अंशी खळीने भरून काढता येतो. दुकानात कळत नाही, पण दोन-तीन धुण्यांत खळ निघून जाते आणि शर्ट मऊ, ढिला आणि विरविरीत होतो. ओळखायचं कसं? कापडाचं एक टोक दोन्ही मुठींत धरून जोरात चोळावं. पांढरी भुकटी झडली आणि चोळलेली जागा इतर कापडापेक्षा लुळी पडली, तर भर खळीची आहे. मग कापड उजेडासमोर धरावं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढला, तर धागे मोजताही येतात. चांगल्या पॉपलीनमध्ये एका सेंटीमीटरला साधारण ५२ उभे आणि २८ आडवे धागे भरतात.

ट्विल : तिरकी रेघ आणि लांब उडी

ट्विलमध्ये आडवा धागा प्रत्येक उभ्या धाग्याला आळीपाळीने ओलांडत नाही. उभा धागा दोन आडव्यांवरून जातो आणि एकाखालून, किंवा तिघांवरून आणि एकाखालून. पुढच्या ओळीत ही उडी एका धाग्याने बाजूला सरकते, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी एका धाग्याने. या सरकण्यातून कापडावर तिरकी रेघ उमटते. दोन्ही दिशांचे धागे सारख्या दाटीचे असले, तर रेघ ४५ अंशांची होते. उभे धागे जास्त असले, तर ती अधिक ताठ उभी दिसते. ड्रिल, गाबार्डीन, चिनो आणि डेनिम ही सगळी याच घरातली.

धागे कमी वेळा एकमेकांना ओलांडतात, म्हणून ते एकमेकांच्या अधिक जवळ बसवता येतात. त्यामुळे जाड सूत घेऊनही कापड भरगच्च होतं. कामाच्या कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्विलचं एक प्रचलित प्रमाण पाहा : ताणा २० नंबर, बाणा १६ नंबर, इंचात १२८ आणि ६० धागे. आपल्या गणिताने ६.४ अधिक ३.७५, म्हणजे १०.१५, आणि वजन चौरस मीटरला २३६ ग्रॅम. वर पाहिलेल्या पॉपलीनच्या जवळजवळ दुप्पट. इतकं जड कापड साध्या विणीत विणलं असतं, तर ते ताडपत्रीसारखं उभं राहिलं असतं. ट्विलमध्ये धाग्यांना हलायला जागा असल्यामुळे ते गुडघ्यात वाकतं, मांडीवर नीट पडतं आणि चुरगळलं तरी लवकर सावरतं. पँटसाठी जगभर ट्विलच वापरलं जातं ते यासाठी.

खाकीचा इतिहास आपल्याच उपखंडातला आहे. १८४० च्या दशकात पेशावरला उभ्या केलेल्या गाइड्स पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने मातकट रंगाचे कपडे स्वीकारले. पुढे हा रंग जगभरच्या सैन्यांत गेला आणि उष्ण प्रदेशातल्या सैनिकांसाठी सुती ड्रिल हेच त्याचं नेहमीचं कापड ठरलं. शाळेतल्या खाकी हाफपँटींमध्येही तीच ड्रिल होती. बाकावर घासून, मैदानावर लोळूनही ती टिकायची.

डेनिमचा निळा आणि पांढरा हा खेळही विणीमुळेच जमतो. उभा धागा तिघांवरून आणि एकाखालून गेला, की कापडाच्या समोरच्या अंगाला मुख्यतः उभे धागे दिसतात आणि मागे आडवे. ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा ठेवला, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकी असते.

ट्विलमध्ये बिघडतं ते याच तिरकसपणामुळे. विणीचा ताण एका बाजूला ओढणारा असतो. धुतल्यावर तो मोकळा होतो आणि कापड तिरकं सरकतं. काही महिन्यांनी पँटच्या बाहेरच्या बाजूची शिवण नडगीवर समोर आलेली दिसते. शिंप्याने चूक केली असं आपण म्हणतो, पण चूक बऱ्याचदा कापडाच्या अंतिम प्रक्रियेत झालेली असते. शिवायच्या आधी हे तपासता येतं. ताग्यातून अर्ध्या मीटरचा तुकडा धाग्याच्या सरळ रेषेत कापून धुवावा आणि वाळल्यावर त्याचे चारही कोपरे पाहावेत. चौकोन कलला असेल, तर पँटही कलणार. अशा वेळी सगळंच कापड आधी भिजवून, वाळवून मग शिवायला द्यावं. तिरक्या रेघेमुळे उजेड एका दिशेने वेगळा परावर्तित होतो, म्हणून पँटचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात. एक पाय उलटा कापला, तर तो दुसऱ्याहून किंचित वेगळ्या रंगाचा दिसतो. आणि इस्त्री आतल्या बाजूने करावी. वरून केली तर उंचावलेले धागे दबतात आणि शिवणींवर, गुडघ्यांवर चकाकी येते.

ऑक्सफर्ड : जोडीने चालणारे धागे

ऑक्सफर्ड लांबून पाहिलं तर साधं वाटतं. जवळ आणलं की त्यावर बारीक चौकटींची दाणेदार नक्षी दिसते. यात दोन बारीक उभे धागे शेजारी शेजारी जोडीने चालतात आणि ती जोडी एका जाड आडव्या धाग्याला ओलांडते. आपल्याकडची दोसुती आणि भरतकामाची मॅटी याच जोडधाग्यांच्या कुळातल्या. फरक इतकाच, की तिथे धागे जाड असतात आणि टाक्यांसाठी छिद्रं मुद्दाम ठेवलेली असतात. ऑक्सफर्डमध्ये बऱ्याचदा ताणा रंगीत आणि बाणा पांढरा असतो. त्यामुळे निळं ऑक्सफर्ड एकसारखं निळं न दिसता निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं दिसतं, आणि दोन धुण्यांनंतर रंग थोडा उतरला तरी डोळ्यांना खटकत नाही.

आडवा धागा जाड असतो आणि त्याला पीळ कमी दिलेला असतो. कमी पिळाचा धागा मऊ राहतो, पाणी लवकर शोषतो आणि प्रत्येक धुण्यानंतर थोडा फुलतो. ऑक्सफर्डचा शर्ट नवा असताना जरा राठ वाटतो आणि जुना झाला की अंगाला आवडू लागतो, ते म्हणून. वजन साधारण १४० ते १७० ग्रॅमच्या दरम्यान असतं, म्हणजे पॉपलीनपेक्षा जास्त. पण चौकटींच्या कोपऱ्यांत बारीक फटी राहतात आणि दाणेदार पृष्ठभाग अंगाला सपाट चिकटत नाही. म्हणून वारा लागतो. मात्र घाम आला तर जाड बाणा तो पिऊन ठेवतो आणि लवकर वाळत नाही. कोकणात पावसाळ्यात दोरीवर टाकलेला ऑक्सफर्ड दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. तिथे पॉपलीन किंवा वायल बरं. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, किंवा वातानुकूलित कचेरीत, ऑक्सफर्ड उत्तम.

कॉलरच्या टोकांना बटणं असलेला शर्ट आणि ऑक्सफर्ड ही जोडी घट्ट झाली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या दुकानाने १८९० च्या दशकात असा शर्ट आणला. इंग्लंडमधले पोलो खेळाडू कॉलर वाऱ्याने उडू नये म्हणून तिला बटणं लावत, त्यावरून ही कल्पना घेतली होती. त्या कॉलरला ऑक्सफर्ड शोभतं याला कारण आहे. ही कॉलर कडक उभी राहत नाही, तर मऊ गोलाई घेऊन खाली येते, आणि ऑक्सफर्डच्या अंगातच ती मऊ गोलाई असते. लग्नसमारंभाच्या कडक शर्टासाठी ते म्हणूनच चालत नाही. तिथे पॉपलीन हवं.

जोडीचे धागे एकमेकांवरून सहज सरकतात. त्यामुळे कापलेली कड भराभर सुटत जाते. शिंप्याला सांगून शिवणीसाठी थोडं जास्त कापड ठेवायला लावावं आणि आत ओव्हरलॉक करून घ्यावं. कमी पिळाच्या बाण्यामुळे बॅगेचा पट्टा जिथे घासतो तिथे बोंडं येतात. पिनपॉइंट ऑक्सफर्ड नावाचं कापड याच विणीत पण बारीक सुताचं असतं. ते अधिक गुळगुळीत असतं, वजनाला पॉपलीनच्या जवळ जातं, आणि कचेरीतही चालतं.

वायल : पिळातून आलेला हलकेपणा

वायल साडी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत उन्हाळ्याची रोजची साडी होती. भायखळ्याच्या खटाव गिरणीचं वायल तर नावाजलेलं होतं. वायलची वीण पॉपलीनसारखीच साधी, पण धाग्यांमध्ये मोकळी जागा. दोन्ही दिशांचे धागे जवळपास सारख्या संख्येने असतात, म्हणून पॉपलीनसारख्या आडव्या रेघा दिसत नाहीत. दिसते ती बारीक, स्वच्छ जाळी.

खरी किमया मात्र सुतात आहे. ४० नंबरच्या नेहमीच्या ताण्याला इंचात साधारण २५ पीळ असतात. वायलच्या सुताला त्याच्या बारीकपणाला साजेल त्याहूनही बराच जास्त पीळ देतात. उत्तम वायलमध्ये दोन बारीक धागे एकत्र पिळून एक दुहेरी धागा करतात आणि तो गॅसच्या ज्योतीवरून झपाट्याने नेऊन त्यावरची लव जाळून टाकतात. ताणा आणि बाणा दोन्ही असे दुहेरी असले, तर ते फुल वायल. असा धागा गोल, टणक आणि लवविरहित राहतो. तो चपटा होऊन शेजारची फट बुजवत नाही, म्हणून वारा आरपार जातो. आणि पिळामुळे कापडाला किंचित करकरीतपणा येतो, त्यामुळे साडीच्या निऱ्या नीट पडतात. मलमलही अशीच पातळ असते, पण तिचं सूत कमी पिळाचं. म्हणून ती मऊ आणि लुळी, आणि वायल हलकी पण ताठर.

ही परीक्षा सोपी आहे. काठाजवळून एक धागा ओढून काढा, दोन्ही टोकं धरून ताणा आणि मग टोकं जवळ आणा. वायलचा धागा लगेच स्वतःभोवती वळून गुंडाळी होतो. मलमलचा धागा नुसता लोंबतो.

इतकं बारीक आणि इतकं पिळलेलं सूत काढायला लांब तंतूचा कापूस लागतो. विदर्भातला बहुतेक कापूस मध्यम ते लांब तंतूचा, २८ ते ३० मिलीमीटरच्या आसपासचा असतो. त्यातून ३०-४० नंबरचं चांगलं सूत निघतं, म्हणजे पॉपलीन आणि ऑक्सफर्डची गरज भागते. शंभर नंबरसाठी ३४-३५ मिलीमीटरच्या वरचा तंतू हवा, आणि तो दक्षिणेतल्या सुविनसारख्या वाणांतून किंवा इजिप्तच्या कापसातून येतो. अस्सल वायलच्या किमतीचं कारण इथे आहे. कापूस कमी लागत असला तरी तो वेगळ्या प्रतीचा लागतो.

वायलचा दुबळेपणाही मोकळ्या विणीचाच. धागे सरकतात. घट्ट कपडा शिवला, तर पाठीवर आणि काखेत शिवणीपासून धागे दूर होतात आणि शिडीसारख्या फटी दिसू लागतात. दुकानात कापड दोन्ही अंगठ्यांखाली धरून हलके ताणावं. धागे बाजूला होऊन फट पडली आणि सोडल्यावरही ती तशीच राहिली, तर ते कापड फक्त सैल कपड्यांना, ओढणीला किंवा साडीलाच वापरावं. भरपूर पीळ दिलेलं सूत पहिल्या पाण्यात आटतं, म्हणून कुर्ता शिवण्यापूर्वी वायल भिजवून घ्यावं. सुई ९ नंबरची चालते.

एका नेसणीचं गणित

ही कापडं एकत्र कशी काम करतात, ते वायल साडीच्या नेसणीत नीट दिसतं. साडी साडेपाच मीटर लांब आणि ४६ इंच पन्ह्याची धरली, तर सुमारे ६.४ चौरस मीटर होते. वायलचं वजन ६५ ग्रॅम धरलं, तर साडी ४१५ ग्रॅमच्या आसपास. हीच साडी पॉपलीनची केली, तर पाऊण किलोच्या वर जाईल आणि निऱ्या पोटाशी फुगून उभ्या राहतील. परकराला ३६ इंची पॉपलीन सव्वादोन मीटर लागतं, त्याचे जवळपास २५० ग्रॅम. अंगावरचा खरा ताण तिथे येतो आणि पलीकडचं दिसू नये हीही गरज तिथेच असते. म्हणून सरकणारी वायल वर आणि न सरकणारं पॉपलीन खाली.

राहिलं ब्लाउज. ते पातळ हवं आणि घट्टही. त्यासाठी टू बाय टू रुबिया वापरतात. ती वायलच्याच जातीची : दोन्ही दिशांना दुहेरी पिळाचे धागे, पण साडीच्या वायलपेक्षा दाट विणलेली. त्यामुळे ती शिवणीला टिकते. ऐंशी सेंटीमीटर कापडाचं वजन साठ-सत्तर ग्रॅमच भरतं. हल्ली रुबिया या नावाखाली पॉलिएस्टर मिसळलेलं कापडही येतं. एक धागा जाळून पाहावा. सुताचा जळका कागदासारखा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. ती सगळी नेसणी मिळून पाऊण किलोच्या आत बसते, आणि त्यातला प्रत्येक तुकडा आपापल्या कामाला योग्य असतो.

शर्ट-पँटला हाच विचार लावता येतो. ५८ इंची पन्ह्याचं १.६ मीटर कापड शर्टाला घेतलं, तर पॉपलीनचे सुमारे २८० ग्रॅम आणि १५० ग्रॅमी ऑक्सफर्डचे ३५०. सत्तर ग्रॅमचा हा फरक हाताला फारसा कळत नाही, पण भिजल्यावर वाळायला लागणाऱ्या वेळेत कळतो. सव्वा मीटर ट्विलची पँट ४४० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि तिथे ते वजन हवंच असतं, कारण गुडघे आणि बैठक यांच्याइतकं घासणं शर्टाच्या वाट्याला येत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी कपड्यात ताण कुठे पडणार आणि घासणं कुठे होणार, हे ठरवावं. जिथे कपडा खेचला जाणार आणि आकार राहायला हवा, तिथे पॉपलीन. जिथे तो घासणार आणि वाकणार, तिथे ट्विल. जिथे रोज धुवून रोज घालायचा आणि कडकपणा नको, तिथे ऑक्सफर्ड. आणि जिथे तो अंगापासून सुटून राहणार आणि वारा हवा, तिथे वायल. मग नखाने रेघ चाचपावी, कापड उजेडासमोर धरावं, मुठीत चोळून पाहावं आणि काठाचा एक धागा ओढून तपासावा. सांगितलेलं कापड आणि ताग्यातलं कापड एकच आहे ना, एवढं त्यातून कळतं.